बीपीच्या सर्व्हेत आकडे का झुकतात

पाऱ्याच्या बीपी यंत्रावर खुणा २ मिमीच्या असतात, त्यामुळे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी प्रत्येक साधारण २० टक्के वेळा यायला हवा. पहिल्या आठवड्याच्या नोंदी मोजून बघ. शून्य ४० टक्के आलं, तर मोजणारा आकडा गोल करतोय.

हे प्रशिक्षणाने सुधारतं. दोघांना जोडस्टेथोस्कोप लावून एकाच वेळी ऐकू दे, पण आकडे वेगवेगळे लिहायला लाव. ४ मिमीपेक्षा जास्त फरक पडला, तर हवा सेकंदाला २ मिमीनेच सुटतेय का ते तपास.

कुणाला औषध चालू आहे हे माहीत असलं, की १४२ चा १३८ नकळत होतो. म्हणून कोण कोणत्या गटात आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस; यालाच ब्लाइंडिंग म्हणतात.

“तंबाखू खात नाही ना?” हा प्रश्न उत्तर सुचवतो. छापील वाक्य जसंच्या तसं वाचायचं, आवाजही तोच.

आपल्यावर लक्ष आहे म्हणून लोक मीठ कमी करतात, हा हॉथॉर्न परिणाम. तो ब्लाइंडिंगने जात नाही; तुलनेच्या गटाकडेही तितक्याच भेटी ठेव, म्हणजे दोन्हीकडे सारखाच राहील.