फोनवर फोटोतला एकच परिच्छेद कॉपी कसा करायचा?

प्रश्न: शेतीच्या मासिकातल्या पानाचा फोटो काढलाय. त्यातला केळीवरच्या करप्याचा एकच परिच्छेद ग्रुपवर टाकायचाय, पण कॉपी केलं की शेजारच्या कॉलमातलंही येतं. काय करू?

उत्तर: कॉपी करण्याआधी फोटो कापून घ्या. मी रावेरकडचा, आमच्याही केळीवाल्यांच्या ग्रुपवर अशी कात्रणं सारखी फिरतात. दोन कॉलमांच्या पानासाठी मला हाच मार्ग सर्वांत खात्रीचा वाटतो.

फोन आधी पानावरचे मजकुराचे तुकडे ओळखतो आणि ते कोणत्या क्रमानं वाचायचे ते ठरवतो. तुम्ही सुरुवातीचा आणि शेवटचा शब्द धरला की त्या क्रमात मधे येणारं सगळं उचललं जातं, मग ती चौकट असो की फोटोखालची ओळ. पान तिरपं असेल किंवा शिवणीकडे वाकलं असेल तर दोन्ही कॉलमांच्या ओळी एकमेकींना जोडल्याही जातात. अर्ध्यावर वाक्याचा अर्थ लागेनासा झाला, तर हेच घडलंय असं समजा.

म्हणून पान सपाट दाबून, वरून सरळ फोटो घ्या. गुळगुळीत कागदावर उजेड चमकत असेल तर थोडं सावलीत सरका. मग गुगल फोटोजमध्ये तेवढाच परिच्छेद राहील असा फोटो कापा, कडेला जराशी मोकळी जागा ठेवा आणि Save copy करा, म्हणजे मूळ पान तसंच राहतं. त्या कापलेल्या फोटोवर लेन्स उघडा, पहिल्या शब्दावर बोट दाबून ठेवा, निवड शेवटच्या शब्दापर्यंत ओढा आणि कॉपी करा. परिच्छेद पुढच्या कॉलमात गेला असेल तर दोन तुकडे वेगवेगळे कापा आणि एकाखाली एक चिकटवा.

लगेच ग्रुपवर टाकू नका. आधी नोट्समध्ये चिकटवून छापील पानाशी ताडून बघा. छापील ओळ जिथं संपते तिथं इथंही ओळ तुटते, ती जोडावी लागते. ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन तोडलेला शब्द बहुतेक वेळा दोन तुकड्यांतच येतो. ध-घ, भ-म यांची अदलाबदल होते, रफार आणि अनुस्वार गळतात. हे वाचणाऱ्याला कळून येतं, आकड्यांचं तसं नाही. करप्यासाठी प्रोपिकोनॅझोल ०.१ टक्का छापलेलं असेल आणि मधला ठिपका गळला, तर वाचणारा ते १ टक्का समजेल, म्हणजे दहापट. ०.१ टक्का म्हणजे १० लिटर पाण्यात १० मिली. परिच्छेदात दोन्ही आकडे असतील तर एकमेकांशी जुळवून बघा. १ आणि ९ सुद्धा बारीक छपाईत फसवतात. औषधाचं नाव, प्रमाण आणि फवारण्यांमधले दिवस मी पानावर बोट ठेवून एकेक करून तपासतो, आणि मजकुराखाली त्या कापलेल्या फोटोची प्रतही ग्रुपवर टाकतो.