फोर्झा होरायझन ५ पीसीवर खेळतो. जुना फोन स्पीडोमीटर म्हणून समोर लावता येईल का?

येईल, आणि स्क्रीन मिरर करायची गरजही नाही. गेम स्वतःच वेग, आरपीएम, गिअर वगैरे आकडे यूडीपीवरून पाठवतो. फोनवर सिम डॅशबोर्डसारखं अ‍ॅप टाका. मग गेमच्या HUD and Gameplay सेटिंगमध्ये अगदी खाली Data Out चालू करून फोनचा आयपी (उदा. 192.168.1.7) आणि अ‍ॅपमध्ये दिसणारा पोर्ट भरा.

मेनू उघडा असताना काटा हलत नाही, म्हणून गाडी चालवून बघा. माझा पहिल्या दिवशी छान चालला, दुसऱ्या दिवशी मेला! राउटरने फोनला नवा आयपी दिला होता. राउटरमध्ये तो कायमचा बांधून टाका. फोन गेस्ट वायफायवर असेल तरी बहुधा काहीच पोचणार नाही.