रविवारी आणलेली ताजी पालेभाजी की फ्रोझन: आठवड्याच्या साठवणीत काय टिकते

प्रश्न: "आम्ही दोघेही नोकरी करतो. भाजी फक्त रविवारी आणता येते आणि ती शुक्रवारपर्यंत पुरवावी लागते. सासऱ्यांच्या रक्तात फोलेट कमी निघाले असून पालेभाज्या आणि मटार वाढवायला सांगितले आहे. आहाराच्या कागदावर 'फक्त ताजी भाजी, फ्रोझन व डबाबंद वर्ज्य' असे छापले आहे. फ्रोझनमध्ये खरेच काही उरत नाही का?"

उत्तर:

हा कागद मी ओळखते. माझ्या वडिलांसाठी एका मोठ्या रुग्णालयाच्या आहार विभागाने अगदी अशाच शब्दांचा छापील कागद दिला होता. 'ताजी म्हणजे तोडल्यापासून किती दिवसांची?' असे मी तिथे विचारले, तेव्हा 'बाजारातून आणलेली ती ताजी' एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या वेळी तोच प्रश्न लिहून नेला, तर तोच कागद पुन्हा हातात ठेवण्यात आला. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर फोलेट आहारातून टिकवायचे ठरले होते. आम्ही संपूर्ण पावसाळा तो कागद तंतोतंत पाळला आणि पुढच्या तपासणीत पातळी पुन्हा खाली आली. ती केवळ भाजीमुळे उतरली असे मी म्हणत नाही, कारण वय, औषधे आणि आतड्यांतील शोषण यांचाही त्यात वाटा असतो. परंतु ज्या विभागाचे काम आहार समजावण्याचे आहे, त्याने साठवणुकीबद्दल एक शब्दही सांगू नये, याचा राग अजून गेलेला नाही. मी डॉक्टर नाही. गोळ्या आणि तपासण्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच चालू द्याव्यात, आणि बी-12 तपासले नसेल तर त्याविषयी त्यांना अवश्य विचारावे.

भाजीचे घड्याळ तोडणीच्या क्षणी सुरू होते, खरेदीच्या नव्हे. तोडलेले पान श्वसन करीतच राहते, आणि त्यात फोलेट व जीवनसत्त्व क यांची झीज होत जाते. उष्णता जितकी जास्त, तितकी ही झीज वेगवान. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील 2004 च्या एका अभ्यासात पालकातील फोलेट साधारण निम्म्यावर यायला 4 अंश सेल्सिअसला 8 दिवस, 10 अंशांना 6 दिवस आणि 20 अंशांना केवळ 4 दिवस लागले. जीवनसत्त्व क त्याहूनही नाजूक असते. फ्रीजमध्ये ठेवलेल्या पालकातील सुमारे तीन चतुर्थांश जीवनसत्त्व क आठवडाभरात नाहीसे झाल्याच्या नोंदी आहेत. गाजरात मात्र तेवढ्याच काळात फार थोडी घट होते. म्हणजे 'ताजी भाजी' हा एकच गट मानणे चुकीचे आहे. पालेभाज्या, मटार आणि फरसबी एका बाजूला, तर गाजर, कोबी, दुधी आणि लाल भोपळा दुसऱ्या बाजूला ठेवावे लागतात.

आता आपल्या रविवारच्या जुडीचा हिशेब मांडून पाहू. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. समजा नाशिककडच्या शेतातून पालक शुक्रवारी संध्याकाळी निघाला, पहाटे वाशीच्या बाजारात उतरला, शनिवारचा दिवस किरकोळ विक्रेत्याच्या टोपलीत गेला आणि रविवारी सकाळी आपल्या पिशवीत आला. हे छत्तीस तास उघड्या हवेतले आहेत. तोडणीच्या वेळचे फोलेट 100 धरले, तर 20 अंशांच्या दरानेही रविवारी सकाळी सुमारे 75 उरते, आणि मुंबईची हवा 20 अंशांची नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. घरच्या फ्रीजचा भाजीचा कप्पा वारंवार उघडला जातो, म्हणून तो 10 अंशांचा धरू. त्या वेगाने गुरुवारी संध्याकाळी जुडी बाहेर काढली जाते तेव्हा 45 ते 50 उरलेले असते, आणि अजून भाजी शिजायची आहे.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान नेमके या शेवटच्या टप्प्यावर होते, आणि कागदात त्याचा उल्लेखही नसतो. फोलेट पाण्यात विरघळते. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर उरलेल्या फोलेटपैकी जवळजवळ निम्मे त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. वाफवलेल्या पालकात मात्र लक्षणीय घट आढळलेली नाही. म्हणजे गुरुवारच्या उकडलेल्या पालकात पंचवीसच्या आसपास उरते, आणि रविवारी रात्रीच झाकण ठेवून अंगच्या पाण्यात शिजवलेल्या त्याच जुडीत सत्तरच्या आसपास. ज्यांना पातळ भाजी किंवा डाळपालक आवडतो, त्यांनी डाळ आणि पालक एकत्र शिजवावेत, म्हणजे पाण्यात उतरलेले सत्त्वही पोटातच जाते.

फ्रोझन भाजीला या साखळीत एक तोटा सुरुवातीलाच सोसावा लागतो. गोठवण्यापूर्वी ती मिनिट-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, कारण तसे न केल्यास तिच्यातील विकरे गोठल्यावरही मंदपणे काम करीत राहतात आणि रंग, चव व जीवनसत्त्वे बिघडवतात. या टप्प्यावर जीवनसत्त्व क आणि फोलेट काही प्रमाणात जातातच. पाण्यातून काढले तर जास्त, वाफेतून काढले तर कमी. पालकाच्या पातळ पानांचे यात बरेच नुकसान होते. मटाराच्या गोल दाण्याचे त्या मानाने कमी होते. परंतु त्यानंतर उणे 18 अंशांना घड्याळ जवळजवळ थांबते. जॉर्जिया विद्यापीठातील 2017 च्या एका अभ्यासात पालक, मटार, फरसबी, ब्रोकोली इत्यादी भाज्या तीन अवस्थांत तपासल्या होत्या: ताज्या, घरच्या फ्रीजमध्ये 5 दिवस ठेवलेल्या आणि फ्रोझन. बहुतेक ठिकाणी लक्षणीय फरक आढळला नाही. जिथे आढळला, तिथे फ्रीजमध्ये ठेवलेल्या 'ताज्या' भाजीपेक्षा फ्रोझन अधिक वेळा सरस ठरली. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: रविवारचा पालक फ्रोझनपेक्षा चांगला, गुरुवारचा पालक नाही. फ्रोझन पालक आधीच उकळून आलेला असल्यामुळे तो घरी पुन्हा उकळून पाणी फेकू नये. गोठलेलाच फोडणीत टाकून झाकण ठेवावे.

मटाराच्या बाबतीत तर मी फ्रोझनचीच बाजू घेते. तोडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच मटारातील जीवनसत्त्व क निम्म्याच्या आसपास घसरल्याची नोंद आहे, आणि कारखान्यात तो तोडणीनंतर काही तासांतच गोठवला जातो. जानेवारीत सासवडकडचा मटार आला की शेंगा घेऊन त्याच दिवशी सोलाव्यात आणि खाव्यात, त्याला तोड नाही. पण जूनमध्ये लांबून ट्रकने आलेल्या महागड्या शेंगांना केवळ त्या 'ताज्या' आहेत म्हणून मान देण्याचे कारण मला दिसत नाही. पाण्यात बुडवून ठेवलेले सोललेले मटार तर घेऊच नयेत. पाण्यात विरघळणारे सर्व त्या पाण्यात उतरत असते. रंग लावल्याची शंका असल्यास थोडे दाणे काचेच्या पेल्यात अर्धा तास स्वच्छ पाण्यात ठेवावेत. पाणी हिरवे झाले, तर ते दाणे टाकून द्यावेत.

हंगामात मटार घरी गोठवणार असाल, तर ते नुसते सोलून पिशवीत कोंबू नका. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या, त्यात दाणे थोडे थोडे करून दीड ते दोन मिनिटे ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, फडक्यावर कोरडे करा, ताटात एका थरात पसरून गोठवा आणि मग पिशव्यांत भरा. हा टप्पा गाळलेला असेल तर काही आठवड्यांत दाण्यांना वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो.

हे सारे उणे 18 अंश टिकले तरच खरे आहे, आणि मुंबईत साखळी तुटते ती बहुधा दुकान आणि घर यांच्या दरम्यान. पाकीट घेताना बोटांनी दाबून पाहा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. पाकिटाचा एकच दगड झाला असेल किंवा आत बर्फाचे जाड थर दिसत असतील, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला असण्याची दाट शक्यता आहे. दुकानाच्या उघड्या फ्रीजरमध्ये भरण्याच्या रेषेच्या वर रचलेली पाकिटे मी घेत नाही. खरेदीत फ्रोझन पाकिटे सर्वांत शेवटी उचलावीत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सरळ घरी आणावीत. घरी पोहोचवून घेत असाल, तर आलेले पाकीट पिशवीतून काढून लगेच दाबून पाहावे; मऊ झालेले असल्यास परत करावे, किंवा पुन्हा न गोठवता त्याच दिवशी शिजवावे.

डबाबंद भाजीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आपला प्रश्न फोलेटचा आहे आणि त्यासाठी ती मला शेवटचा पर्याय वाटते. डबा बंद केल्यावर तो साधारण 121 अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेत जीवनसत्त्व क आणि ब गटातील जीवनसत्त्वांचा मोठा भाग नष्ट होतो, आणि उरलेल्यातील बराचसा डब्यातील पाण्यात उतरतो. त्यानंतर मात्र महिनोन्महिने फारसा बदल होत नाही. तंतू, खनिजे आणि गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटीन चांगले टिकते, आणि टोमॅटोतील लायकोपीन तर शिजवलेल्या प्युरीतून अधिक सहज शोषले जाते. त्यामुळे टोमॅटो प्युरीला 'वर्ज्य' म्हणणे मला पटत नाही. अडचण मिठाची आहे. सासऱ्यांना रक्तदाब असेल, तर छोले किंवा मक्याच्या डब्यातील पाणी ओतून दाणे धुऊन घ्यावेत. मीठ बरेच कमी होते, पण त्याबरोबर पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वेही जातात.

आमच्या घरी आता आठवडा असा लागतो: रविवार आणि सोमवारी पालेभाजी, तीही न धुता व न चिरता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवलेली, मंगळवारी फरसबी किंवा फ्लॉवर, बुधवारपासून दुधी, कोबी, गाजर, भोपळा आणि त्यांच्या जोडीला फ्रोझन मटार किंवा पालक. शिवाय मूग, चवळी आणि हरभरा यांत फोलेट भरपूर असते आणि कोरड्या डाळीला वाहतुकीची झळ लागत नाही, म्हणून उसळ आठवड्यातून अनेकदा होते. कडधान्य भिजवलेले पाणी फेकले तरी शिजवलेले पाणी, म्हणजे कट, आमटीत वापरावा. पुढच्या भेटीत आहार विभागाकडून 'फ्रोझन चालेल, पुन्हा न उकळता' हे कागदावर लिहून मागा, कारण घरातील ज्येष्ठ मंडळी छापील ओळीपुढे आपले ऐकत नाहीत, हा आमच्याकडचा अनुभव आहे.