व्हॉलीबॉलमध्ये फ्लोट सर्व्हिस हलत नाही म्हणून जंप सर्व्हिसकडे वळायचं का?

प्रश्न: "दोन वर्षं फ्लोटिंग सर्व्हिस मारतोय पण बॉल हवेत हलतच नाही, समोरचे आरामात पास देतात. सगळे म्हणतात जंप सर्व्हिस शिक. हात बॉलला नक्की कुठे लागला पाहिजे?"

जंप सर्व्हिस नंतर शिका, आधी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये तुमचीच सर्व्हिस मागून शूट करा आणि एकच गोष्ट बघा, हवेत बॉलवरचं कंपनीचं नाव वाचता येतंय का. फिरून पुसट दिसत असेल तर तुम्ही फ्लोट, म्हणजे न फिरणारी सर्व्हिस, मारतच नाही आहात, थोडी स्पिन असलेली हळू सर्व्हिस मारताय, आणि रिसीव्ह करणाऱ्याला त्याहून सोपं काही नसतं कारण स्पिनवाला बॉल एकाच बाजूला ठरल्यासारखा वळतो.

हाताचा धक्का बॉलच्या बरोबर मध्यातून गेला तर बॉल फक्त पुढे जातो, फिरत नाही. मध्याच्या वर, खाली किंवा बाजूला लागला की त्याच धक्क्यातला काही भाग बॉल फिरवण्यात जातो. न फिरणाऱ्या बॉलचं असं होतं की हवा त्याच्या अंगावरून मागे जाताना दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही, पॅनलचे जोड जिकडे असतील त्याप्रमाणे एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा सुटते, आणि बॉल बाजूला ढकलला जातो. बॉल हळूच जरा वळला की जोडांची जागा बदलते आणि धक्का उलट्या बाजूने बसतो, म्हणून तो डोलतो, आणि कुठे जाणार ते मारणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय वेग कमी होत गेला की एका टप्प्यावर हवेचा अडथळा एकदम वाढतो, म्हणून चांगली फ्लोट रिसीव्हरच्या पुढ्यात येऊन मेल्यासारखी खाली पडते. पण हे सगळं मधल्या वेगातच होतं, अगदी हळू टाकली तर हलायला वेळच पुरत नाही असं नाही, हलवणारा जोरच नसतो.

स्पिनवाली जंप सर्व्हिस ह्याच्या बरोबर उलट. तिथे हात बॉलच्या मागून लागून मनगट वरून पुढे झाकलं जातं, बॉल पुढच्या बाजूला जोरात फिरतो आणि हवा त्याला खाली दाबते. ताशी 100 किमीच्या आसपास मारलेला बॉल पुरुषांच्या 2.43 मीटरच्या नेटवरून जाऊन पलीकडच्या 9 मीटरमध्ये पडायचा असेल तर हे दाबणं लागतंच, त्याशिवाय बहुतेक वेळा तो एन्ड लाईनच्या बाहेर जातो. म्हणजे तिथे बॉल कुठे पडणार हे ठरलेलं असतं, पण रिसीव्हरला वेळ मिळत नाही. फ्लोटमध्ये वेळ मिळतो, पण ठरलेलं काही नसतं.

आमच्याकडे प्रॅक्टिसला एक मुलगी होती, उजव्या हाताची, तिची प्रत्येक सर्व्हिस डावीकडे वळत जायची आणि तिला वाटायचं बॉल मस्त फ्लोट होतोय. शूट करून बघितलं तर टॉस डोक्यावरून डाव्या खांद्याकडे जायचा, मग हात तिरका येऊन बॉलच्या उजव्या गालावर लागायचा आणि बॉल भोवऱ्यासारखा उभ्या अक्षावर फिरत डावीकडे वळायचा. हाताला आम्ही काहीच सांगितलं नाही, फक्त टॉस उजव्या खांद्यासमोर आणि कमी उंच करायला लावला, बॉल तळव्यावरून सरळ उचलायचा, बोटांवरून सुटू द्यायचा नाही, कारण टॉसमध्येच फिरला तर पुढे काही करून उपयोग नाही. तीन-चार दिवसांत बॉलवरचं नाव दिसायला लागलं.

तुमचा बॉल कुठे चुकतोय ते बॉलच सांगेल. लांब तरंगत बाहेर जात असेल तर टॉस मागे पडतोय, हात मध्याच्या खाली लागतोय आणि उलटी स्पिन बसतेय. नेटच्या अलीकडे बुडत असेल तर टॉस फार पुढे जातोय किंवा मनगट मोडतंय. मनगट ताठ, तळव्याचा खालचा कडक भाग बॉलला लागला पाहिजे, आणि लागल्याबरोबर हात तिथेच थांबवायचा, पुढे नेत राहिलात की बोटं वरून घासतात आणि स्पिन येते. आवाजही ऐका, बरोबर लागला तर कोरडा "टप्प" येतो, घासला तर लांबट येतो.

हे जमलं की मग जंप फ्लोट शिका, स्पिनवाली नाही. टॉस, हात, सगळं हेच, फक्त दोन-तीन पावलं घेऊन छोटी उडी. उंचावरून मारल्यामुळे बॉल नेटवरून जवळजवळ सपाट जातो, म्हणजे वर चढवायला हात बॉलच्या खाली न्यावा लागत नाही, मध्यावर मारणं उलट सोपं होतं. फक्त टॉस उंच करू नका, पळताना उंच टॉस सरकतो आणि हात पुन्हा बाजूला लागतो.

एका जुन्या बॉलवर मार्करने मधून गोल पट्टी ओढा, पट्टी उभी आणि हवा भरायचं भोक समोर धरून टॉस करा, मारल्यावर नेट पार करेपर्यंत पट्टी उभीच दिसली पाहिजे, आणि बॉलवरचं नावही वाचता आलं पाहिजे, कारण बॉल नुसता पुढे किंवा मागे फिरला तरी पट्टी उभीच दिसते. आधी अर्ध्या कोर्टवरून, 10 पैकी 7 वेळा जमलं की एन्ड लाईनच्या मागे जा.