पाय चार्टचे कोन काढताना टक्के राउंड करू नकोस

अरे, तुझ्या दादरच्या सर्व्हेचे आकडे बघितले. कामावर कसं जाता याला ६० जणांची उत्तरं, लोकल २८, बस १७, बाईक ८, चालत ७. टक्के काढायची पद्धत तुझी बरोबरच आहे, २८ भागिले ६० गुणिले १०० म्हणजे ४६.६७, आणि एक टक्का म्हणजे ३.६ अंश कारण पूर्ण वर्तुळ ३६० चं.

पण तू आधी ४७ टक्के केलेस आणि मग ३.६ ने गुणलंस, तिथे गडबड झाली. ४७ ला ३.६ ने गुणलं की १६९.२ येतं, खरा कोन १६८ आहे. तसंच पुढे बस १०१, बाईक ४७, चालत ४३, आणि गंमत बघ, तुझी बेरीज १६९+१०१+४७+४३ बरोब्बर ३६० येते, म्हणून तुला वाटलं सगळं ओके, पण चारही कोन एकेक अंशाने चुकलेत. बेरीज जुळली म्हणजे कोन बरोबर असं धरून चालू नकोस.

म्हणून कोन सरळ मूळ आकड्यावरून काढ. ३६० भागिले ६० म्हणजे एका माणसाला ६ अंश, मग १६८, १०२, ४८, ४२. टक्के फक्त लेबलवर लिहायला राउंड कर.

आणि एकाने लोकल आणि बस दोन्हीवर टिक केली असेल तर पाय चार्ट काढूच नकोस, बेरीज ६० च्या वर जाते, तिथे बार चार्ट घे.