पेज आला, पण उत्तर आलं का?

*ताई, मुलाखत होऊन तीन आठवडे झाले. ‘दोन आठवड्यांत कळवू’ म्हणाले होते. मी टॅरो थोडंफार शिकले आहे. ‘मला उत्तर कधी येईल?’ असं विचारून तीन कार्डं काढली: पेज ऑफ स्वोर्ड्स, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आणि पेज ऑफ पेंटॅकल्स. पेज म्हणजे निरोप, तेही दोन-दोन, म्हणून खूश झाले. पण काहीच आलं नाही. तेव्हापासून रोज रात्री कार्डं काढते. काल पेज ऑफ कप्स उलटा आला आणि पोटात गोळाच आला. वाईट बातमी येणार का?*
*– वाट पाहून थकलेली*

प्रिय थकलेली,

कालच्या कार्डाची भीती आधी काढून टाकू. तुझा डेक बहुधा रायडर-वेटच असणार, 1909 सालचा, पामेला कोलमन स्मिथने चित्रं काढलेला. त्या डेकबरोबर आर्थर वेटने जे अर्थ लिहून ठेवले, त्यांत चार सूटपैकी, म्हणजे इस्पिक-बदामसारख्या पत्त्यांच्या गटांपैकी, उलट्या पेजला वाईट बातमी दोनच ठिकाणी जोडलेली आहे: वाँड्स आणि पेंटॅकल्स. कप्सच्या उलट्या पेजला त्याने ओढ, आसक्ती, भुरळ, फसवणूक असे अर्थ दिले आहेत. म्हणजे हे कार्ड ‘नकार येतोय’ असं म्हणत नाही. फार तर ‘मनाला जे हवंय तेच तू कार्डात पाहते आहेस’ असं म्हणेल, आणि तुझं पत्र वाचून मला ते पटतं.

आता ‘पेज म्हणजे निरोप’ याबद्दल. शिकवताना चारही पेजना सरसकट ही चिठ्ठी लावली जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. वेटकडे पाहिलंस तर वाँड्सचा पेज दूत आहे, अगदी पोस्टमन असा शब्द आहे. कप्स आणि पेंटॅकल्सच्या पेजकडेही बातमी आणि निरोप आहेत. स्वोर्ड्सच्या पेजकडे मात्र निरोप नाहीच. त्याच्याकडे आहे पहारा, टेहळणी, हेरगिरी. चित्र आठव. टेकडीवर वारा सुटलाय, ढग पळताहेत, आणि हा पोरगा दोन्ही हातांनी तलवार धरून उभा आहे. तलवार एकीकडे, नजर दुसरीकडे. कुठून काय येईल म्हणून तो सावध आहे, पण हातात द्यायला त्याच्याकडे काही नाही.

म्हणून वाट पाहण्याच्या प्रश्नात स्वोर्ड्सचा पेज निघाला की मी आधी प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीकडे पाहते. दर थोड्या वेळाने मेल उघडणं, स्पॅमचा फोल्डर तपासणं, त्या ऑफिसातल्या लोकांच्या प्रोफाइलवर नवीन काही दिसतंय का ते बघणं... यातलं काही करतेस का, ते तूच सांग. पेज म्हणजे माणूस की बातमी, हे ओळखायला शेजारचं कार्ड बघायचं. बाजूला एट ऑफ वाँड्स असतं, ज्यात आठ काठ्या हवेतून सुसाट चालल्या आहेत, किंवा घोड्यावरचा एखादा नाइट असता, तर ‘काहीतरी निघालंय’ असं मी म्हटलं असतं. तुझ्या शेजारी आहे सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. काठीवर रेलून एक तरुण झुडपाला लागलेली नाणी निरखतो आहे. काम करून झालंय, आता पिकायची वाट आहे. या कार्डात कुणी कुठे जात-येत नाही. त्यामुळे पहिला पेज तूच आहेस, असं मी वाचेन.

मग निरोपाचा पेज उरतो एकच, पेंटॅकल्सचा. नांगरलेल्या शेताजवळ उभा राहून तो हातातल्या नाण्याकडे टक लावून बघतो आहे. चारांतला हा सगळ्यांत संथ. नोकरीच्या प्रश्नात तो आला की मी कागदी, व्यवहारी गोष्टीची अपेक्षा ठेवते: एखादं प्रमाणपत्र मागणारा मेल, जुन्या कामाची चौकशी, दुसऱ्या फेरीची वेळ. दरबारी कार्डांमध्ये राजा, राणी, नाइट आणि मग पेज, म्हणजे हा सगळ्यांत धाकटा. निर्णय त्याच्या हातात नसतो. तो आणतो ती बहुतेकदा पहिली, अर्धवट बातमी. निरोपाच्या आत होकार आहे की नकार, ते पेजवरून कळत नाही, त्यासाठी सोबतची कार्डं लागतात. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स इतकंच सांगतं की अजून ठरलेलं नाही. या तीन कार्डांतून ‘नक्की होईल’ असं कुणी काढून दिलं तर मी विश्वास ठेवणार नाही. ‘होणार नाही’ म्हणालं तरीही नाही.

आणि ‘कधी’ हा प्रश्न मला मुळातच पसंत नाही. काही जण सूटवरून ऋतू किंवा आठवडे मोजतात. पण कोणता सूट कोणत्या ऋतूचा यावर त्यांचंच एकमत नसतं, म्हणून मी त्यात पडत नाही.

रोज कार्डं काढण्याबद्दल मात्र थोडं गणित सांगते. 78 कार्डांत पेज चार. तीन कार्डं काढलीस तर निदान एक पेज येण्याची शक्यता साधारण 15 टक्के, म्हणजे सातातून एकदा. पण आठवडाभर रोज तीन-तीन काढलीस तर एकदा तरी पेज दिसण्याची शक्यता 67 टक्क्यांच्या आसपास जाते. थोडक्यात, पत्ते पिसत राहिलीस तर पेज येणारच, मेल येवो वा न येवो. उलटं कार्डही वाचत असशील तर त्यांतले निम्मे उलटे येतील आणि दर वेळी तुझ्या पोटात गोळा येईल. पहिलं वाचन धर, पुढची सगळी सोडून दे. त्या रात्रीची तीन कार्डं वहीत लिही, तारीख घाल, आणि शेजारी लिही: ‘कागदपत्रं किंवा पुढची फेरी यांबद्दल काही आलं तर हे वाचन जुळलं. थेट होकार किंवा नकार आला तर चुकलं.’ असं आधी लिहिलं नाहीस तर जे येईल ते नंतर पेजला चिकटवता येतं. आपण सगळे वाचणारे हे करतो.

आता कार्डं बाजूला ठेव. त्यांनीच दिलेली मुदत उलटून आठवडा झाला आहे, तेव्हा विचारणं अगदी रास्त आहे. ज्यांनी मुलाखतीला बोलावलं त्यांनाच, त्याच मेलच्या उत्तरात, चार ओळी लिही: अमुक पदासाठी अमुक तारखेला मुलाखत झाली, दोन आठवड्यांत कळवण्याचं ठरलं होतं, निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे, आणि माझ्याकडून आणखी काही कागदपत्रं हवी आहेत का. ‘माझी निवड झाली का?’ असं विचारू नकोस. ज्याच्या हातात तुझा मेल पडेल त्याला ते सांगायचा अधिकार बहुधा नसेल, पण तारीख तो सांगू शकतो. सकाळी पाठव. कामाचे पाच दिवस जाऊ दे, मग एकदाच फोन कर. तरीही उत्तर नाही आलं तर दुसरीकडचे अर्ज सुरू कर, खरं तर ते आजच कर. ही जागा चालून आली तर ते अर्ज मागे घेता येतात.

पुन्हा कार्ड काढायचंच असेल तर मेल पाठवल्यानंतर एकच काढ, आणि प्रश्न बदल: ‘उत्तर येईपर्यंत मी कशात लक्ष घालू?’ त्यात पेज आला तर तो कुठल्या सूटचा आहे ते नीट बघ, आणि या वेळी त्याला तुझ्या कामाबद्दल विचार.

– तुझी ताई