जागा मिळाली, पण कुठल्या इयरमध्ये?

"मला जानेवारीपासून तीन वर्षांसाठी परदेशात पोस्टिंग मिळालंय. मुलगी नववीत आहे, सीबीएसईला, आणि मुलगा तिसरीत. तिथल्या एका आयबी शाळेने 'जागा आहे, लगेच या' असं कळवलंय. दुसरी केंब्रिजची आहे, ती मुलीला इयर ९ मध्ये घेते म्हणते. म्हणजे ती मागे पडणार का? की मार्चपर्यंत थांबून नववी पूर्ण करूनच न्यावं?"

पहिल्या भेटीत मी या बाईंना शाळांबद्दल काहीच विचारलं नाही. एका कोऱ्या कागदावर तीन वर्षांचे महिने आडवे लिहायला सांगितले आणि शेवटच्या टोकाला, डिसेंबरवर, गोल करायला लावला. पालक येतात तेव्हा सगळं लक्ष जाण्याच्या तारखेवर असतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत घोळ मात्र बहुतेक वेळा परत येण्याच्या तारखेला होतो.

मुलीला जूनमध्ये चौदा पूर्ण झाली होती. ब्रिटिश पद्धतीत १ सप्टेंबरच्या वयावर इयर ठरतं आणि आकडा आपल्या इयत्तेपेक्षा साधारण एकने पुढे असतो. म्हणजे वयाने ती इयर १० ची. शाळा देत होती इयर ९. पालकांना 'नववीतून नववीत' असं वाटतं आणि ते निश्चिंत होतात. प्रत्यक्षात मुलगी एक वर्ष मागे गेलेली असते. या बाईंच्या ते लक्षात आलं होतं, म्हणून तर त्या आल्या होत्या.

इयर १० आणि ११ मिळून आयजीसीएसईचा, म्हणजे केंब्रिजच्या दहावीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम होतो आणि शेवटी, मे-जूनमध्ये, बाहेरच्या मंडळाची परीक्षा असते. इयर ११ चं तिसरं सत्र परीक्षेतच जातं, त्यामुळे शिकवण्याची सत्रं हातात पाचच. जानेवारीत गेली तर पाचातलं एक हुकतं. मार्चपर्यंत थांबून एप्रिलमध्ये गेली तर दोन. नववी 'पूर्ण करून' जाण्याने मनाला बरं वाटतं, पण तिकडच्या हिशेबात तो तोटाच. तिकडची शाळा आत्तापर्यंतच्या गुणपत्रिका पाहते, नववीचा वार्षिक निकाल हाती नसल्याने तिचं काही अडत नाही.

मग आम्ही कागदावर पुढे सरकलो. जानेवारीत इयर १० मध्ये गेली तर दीड वर्षाने, जूनमध्ये, आयजीसीएसई. त्यानंतर सप्टेंबरपासून दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, म्हणजे आयबीची अकरावी-बारावी, त्याची परीक्षा मे महिन्यात. बाईंचं पोस्टिंग संपत होतं त्याच्या आधीच्या डिसेंबरात. म्हणजे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या बरोबर मध्यात, पाच महिने कमी पडत होते.

याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. डिप्लोमात सहा विषय असतात, तीन हायर लेव्हलला आणि तीन स्टँडर्डला. डिसेंबरपर्यंत विषयवार अंतर्गत मूल्यमापन निम्मंशिम्मं झालेलं असतं, विस्तृत निबंध त्या शाळेतल्या मार्गदर्शकाकडे असतो आणि मेच्या परीक्षेची नोंदणीही आटोपलेली असते. दुसऱ्या डिप्लोमा शाळेत जायचं तर तेच सहा विषय, त्याच लेव्हलला आणि तोवर झालेल्या भागाशी जुळणारे मिळायला हवेत. कागदावर हे शक्य असतं, पण मी हे सुरळीत पार पडलेलं फार क्वचित पाहिलंय. दुसऱ्या मंडळाच्या बारावीत तर मधूनच जाता येतच नाही, असं धरूनच चालावं.

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग इयर ९ च बरं नाही का?"

तोही हिशेब मांडला. इयर ९ ला गेली तर आयजीसीएसई एक वर्ष उशिरा होते, आणि पोस्टिंग संपताना ती पुढच्या टप्प्यात जेमतेम चार महिने शिकलेली असते. त्या उन्हाळ्यातच परतली तर हातात पूर्ण प्रमाणपत्र घेऊन अकरावीत जाता येतं. किंमत एकच, एक वर्ष. वाईट पर्याय नाही तो. मुलीचं वय सीमारेषेवरचं असतं किंवा इंग्रजी कच्चं असतं तर मी स्वतःच इयर ९ सुचवलं असतं. पण या मुलीचं दोन्ही तसं नव्हतं.

आयबी शाळेचा 'लगेच या' हा निरोप खोटा नव्हता. तिथे चौदाव्या वर्षी एमवायपीचं, म्हणजे डिप्लोमाआधीच्या पाच वर्षांच्या टप्प्याचं, चौथं वर्ष चालतं. त्याचा धडावार ठरलेला, बाहेरून आखलेला पाठ्यक्रम नसतो, निकषांवर गुण असतात, म्हणून वर्षाच्या मध्ये सामावून घेणं शाळेला सोपं जातं. अडचण दुसरीच. एमवायपीच्या शेवटी बाहेरची परीक्षा, म्हणजे ई-असेसमेंट, ऐच्छिक असते आणि ती घ्यायची की नाही हे शाळा ठरवते. शाळेने ती घेतली नाही आणि पोस्टिंग दोन वर्षांतच आटोपलं, तर सोळाव्या वर्षी मुलीच्या हातात फक्त शाळेची गुणपत्रिका उरते. मी बाईंना शाळेला एकच ओळ लिहायला सांगितली: 'पाचव्या वर्षी ई-असेसमेंट घेता का, आणि कुठल्या विषयांत?' उत्तर आलं, घेत नाही. तीन वर्षांची पोस्टिंगं दोनवर येताना मी पुरेशी पाहिली आहेत, त्यामुळे मी आयजीसीएसईच्या बाजूने झुकले. पोस्टिंग नक्की पाच वर्षांचं असतं तर कदाचित एमवायपीच सांगितलं असतं.

तेव्हा प्रश्न उरला, केंब्रिजची शाळा इयर १० का देत नव्हती? शाळेचं म्हणणं होतं, प्रवेश चाचणीत गणित कमी पडलं. मी मुलीला घेऊन यायला सांगितलं. तिच्याकडे कच्च्या कामाच्या कागदांचे मोबाईलवर काढलेले फोटो होते. समासभर हातचे घेऊन केलेले गुणाकार, ३.१४ ने चार दशांशस्थळांपर्यंत भागाकार. पद्धत सगळी बरोबर होती आणि निम्मा पेपर कोरा होता. "कॅल्क्युलेटर चालेल असं लिहिलं होतं, पण माझ्याकडे नव्हताच," ती म्हणाली. तिच्या शाळेत कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे तो मागावा हेही तिला सुचलं नाही.

आयजीसीएसई गणितात एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आणि एक सायंटिफिक कॅल्क्युलेटरसह असतो. सूचनेत ते लिहिलेलं असतं, पण तिला ते सरावाचं नव्हतं. आईने शाळेला नेमकं एवढंच कळवलं, फोटो जोडले आणि पुन्हा चाचणी मागितली. तक्रारीचा सूर ठेवू नका, असं मी आधीच बजावलं होतं. मधल्या दोन आठवड्यांत मुलगी कॅल्क्युलेटरवर घातांक आणि साइन-कॉस शिकली. दुसऱ्या चाचणीनंतर शाळेने इयर १० दिलं.

पत्रात खाली बारीक अक्षरांत होतं: गणित, सेट ४. हे मी सहसा आधी बघते. सेट म्हणजे पातळीनुसार केलेली तुकडी. शाळेला विचारलं तेव्हा कळलं, सेट ४ म्हणजे कोअर. आयजीसीएसई गणित दोन स्तरांवर असतं. कोअरमध्ये जास्तीत जास्त सी मिळू शकतो, एक्स्टेंडेडमध्ये ए स्टार. मधूनच आलेल्या मुलांना 'आधी रुळू दे' म्हणून खालच्या सेटमध्ये बसवतात, आणि वर जाण्याचं राहून जातं. विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलीला हे दोन वर्षांनी महागात पडतं, कारण डिप्लोमात हायर लेव्हल गणित घ्यायला कोअरचा सी पुरत नाही. आम्ही लेखी ठरवून घेतलं: फेब्रुवारीच्या सुट्टीनंतर घटक चाचणी, आणि ती जमली तर एक्स्टेंडेड.

हुकलेल्या सत्राचं काय करायचं, यासाठी माहितीपुस्तिका कामाची नाही. प्रत्येक विषयाची इयर १० ची सत्रवार आखणी मागवायची, तिला तिथले शिक्षक स्कीम ऑफ वर्क म्हणतात. शाळा ती देते, मागावी मात्र लागते. मुलीसोबत बसून आम्ही तिच्या वह्या आणि ती आखणी शेजारी ठेवल्या. गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा पहिल्या सत्राचा बहुतेक भाग तिचा झालेला होता. रसायनशास्त्रात दोन घटक नव्हते. खरी दरी इंग्रजी साहित्यात निघाली: नाटकाचा एक पूर्ण अभ्यास आणि त्यावरचा कोर्सवर्क निबंध डिसेंबरात जमा झालेला होता. साहित्य ऐच्छिक होतं, आम्ही ते सोडलं आणि भूगोल घेतला, कारण तिथे सगळं मूल्यमापन शेवटच्या पेपरांत होतं. मधून जाणाऱ्या मुलासाठी विषय निवडताना मी आवडीआधी हेच बघते, की डिसेंबरपर्यंत काही गुण कायमचे जमा झालेत का.

मुलाबद्दल बाईंनी जाता जाता विचारलं. तिसरीतल्या मुलाला कुठल्याही महिन्यात घेऊन जा. फक्त इंग्रजीची जादा शिकवणी शाळा देते का आणि तिचं शुल्क वेगळं आहे का, ते विचारा, कारण कंपनीचा शिक्षणभत्ता बऱ्याचदा फक्त मूळ शिकवणी शुल्कापुरता असतो.

उरले पाच महिने. हे काम शाळेचं नव्हतं, कंपनीचं होतं, आणि करारावर सही व्हायच्या आधीच करायचं होतं. सही झाल्यावर ही विनंती ठरते, आधी ती अट असते. बाईंनी करारात दोन वाक्यं मागितली: मोठ्या मुलीच्या अंतिम परीक्षेपर्यंत मुदत वाढवता येईल, आणि पोस्टिंग आधी संपलं तरी चालू शालेय वर्षाचं शुल्क व कुटुंबाचा निवास परवाना कंपनी चालू ठेवेल. मनुष्यबळ विभागाने पहिलं मान्य केलं. दुसऱ्यातलं शुल्क मान्य केलं. परवान्यावर 'स्थानिक नियमांच्या अधीन राहून' असं लिहून दिलं, आणि ते बरोबरही होतं, कारण तो कंपनीच्या हातात नसतो.

मुलीच्या जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मी शेवटच्या आठवड्यापर्यंत काढू दिला नाही. नव्या शाळेचं लेखी पत्र, त्यात इयर १० आणि रुजू होण्याची तारीख, आणि अनामत भरल्याची पावती हातात आल्यावरच अर्ज केला. सीबीएसईत नववी-दहावी एकत्र धरतात, नववीत मंडळाकडे नोंदणी होते, आणि दाखला काढून बसलेल्या मुलाला पुन्हा आत घेणं शाळेच्या एकटीच्या हातात राहत नाही. व्हिसा तीन आठवडे लांबलेलं एक कुटुंब मला आठवतं, मुलगा घरी, दाखला कपाटात.

मार्चमध्ये बाईंचा निरोप आला. घटक चाचणी झाली, मुलगी सेट २ मध्ये, म्हणजे एक्स्टेंडेडला, गेली. रसायनशास्त्राचा एक घटक अजून बाकी आहे, शिक्षिका शनिवारी ऑनलाइन घेतात.